तीन वर्षं वापरलेला फोन बदलायचा की अजून चालवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रमंडळी आणि नातेवाईक मला फोनबद्दल जे प्रश्न सारखे पाठवतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, उत्तर वाचा, आणि जिथे दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे तिथे जाऊन या.

१. फोनला तीन वर्षं झाली. आता बदलायला हवा ना?

नुसती तीन वर्षं झाली म्हणून नाही. आधी तक्रार लिहून काढा, आणि ती मोजता येईल अशी लिहा. "फोन स्लो झालाय" यातून काहीच कळत नाही. "कॅमेरा उघडायला चार सेकंद लागतात", "दुपारी तीनलाच चार्जर शोधावा लागतो", "नकाशा बघून परत आलं की अर्धा भरलेला फॉर्म गायब असतो" अशा तक्रारींवरून दोष कुठल्या भागात आहे ते कळतं.

मग एकच प्रश्न विचारा: हा भाग बदलता किंवा मोकळा करता येतो का? बॅटरी, भरलेलं स्टोरेज, चार्जिंगचं पोर्ट, कॅमेऱ्यावरची काच या गोष्टी दुरुस्त होतात. बंद झालेले सिक्युरिटी अपडेट, कमी पडणारी रॅम, कॅमेऱ्याचा सेन्सर आणि मोडेम यांचं मात्र दुरुस्तीने काही होत नाही. नव्या फोनवर खर्च करायचा तर या दुसऱ्या गटातल्या तक्रारीसाठी करावा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा पहिल्या गटातल्या निघतात.

२. ही तीन वर्षं खरेदीपासून मोजायची की फोन बाजारात आला तेव्हापासून?

बॅटरीसाठी खरेदीपासून, अपडेटसाठी मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून. इथे बरेच जण फसतात. सवलतीत मिळाला म्हणून बाजारात येऊन सव्वा वर्ष झालेला फोन घेतला, तर तो तुमच्या हातात तीन वर्षांचा असला तरी अपडेटच्या हिशेबाने सव्वाचार वर्षांचा असतो. कंपनीने चार वर्षांचं आश्वासन दिलं असेल तर ते संपलेलं आहे. मॉडेलचं नाव आणि ते बाजारात आल्याचा महिना शोधून ठेवा, सहाव्या उत्तरात लागेल.

३. फोन खूपच स्लो झालाय. प्रोसेसर जुना झाला असेल का?

प्रोसेसर झिजत नाही. तीन वर्षांपूर्वी तो जेवढं काम करत होता तेवढंच आजही करू शकतो. अ‍ॅप थोडी जड झालेली असतात हे खरं, पण आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे स्टोरेज. फोनच्या फ्लॅश मेमरीत जुन्या डेटावर थेट नवा डेटा लिहिता येत नाही. आधी एक मोठा तुकडा पुसावा लागतो, आणि त्यासाठी त्यातला कामाचा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. मोकळी जागा भरपूर असेल तर हे काम मागच्या मागे उरकतं. स्टोरेज काठोकाठ भरलं की प्रत्येक फोटो साठवताना ही हलवाहलव तुमच्या डोळ्यांदेखत चालते, आणि फोन अडखळतो. निदान १० ते १५ टक्के जागा मोकळी ठेवा. सगळ्यात जास्त जागा खाणारी गोष्ट सहसा मेसेजिंग अ‍ॅपमध्ये आपोआप उतरलेले व्हिडिओ असते. तिथून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट बॅटरी. थकलेल्या बॅटरीमुळे फोन बंद पडू नये म्हणून काही फोन प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतात. अ‍ॅपलने जुन्या आयफोनमध्ये हेच केलं होतं आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते जाहीरपणे मान्यही केलं. त्या वेळी अनेकांनी नुसती बॅटरी बदलली आणि त्यांचा फोन पुन्हा पूर्वीसारखा पळायला लागला.

दोन्ही करूनही फरक पडला नाही तर बॅकअप घेऊन एकदा फॅक्टरी रिसेट करा, आणि दोन दिवस फक्त लागतील तेवढीच अ‍ॅप ठेवून वापरा. तरीही रखडत असेल तर सातवं उत्तर बघा.

४. बॅटरी गेली आहे हे नक्की कसं ओळखायचं? चार्ज तर शंभर टक्के दाखवतो.

शंभर टक्के म्हणजे आज बॅटरीत जेवढं मावतं त्याचे शंभर टक्के. नवी असताना मावत होतं त्याचे नव्हेत. म्हणून या आकड्यावर विसंबून चालत नाही.

आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या Battery विभागात Battery Health असतं. तिथे Maximum Capacity ८० टक्क्यांच्या खाली दिसत असेल तर बॅटरी बदलायची वेळ आली. अ‍ॅपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० चार्ज सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे, तर आयफोन १५ पासून हा आकडा १००० सायकलचा आहे. एक सायकल म्हणजे एकदा चार्जरला लावणं नव्हे. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरली की मिळून एक सायकल होते. रोज साधारण पाऊण बॅटरी वापरणाऱ्या माणसाच्या तीन वर्षांत आठशेच्या वर सायकल होतात.

काही नव्या अँड्रॉइड फोनमध्येही असा आकडा दिसतो. नसेल, आणि जवळ कॉम्प्युटर असून त्यावर फोनला कमांड देणारं adb हे टूल बसवलेलं असेल, तर फोन पूर्ण चार्ज करा, USB debugging चालू करून केबल जोडा आणि ही कमांड द्या:

```
adb shell dumpsys battery
```

बऱ्याच फोनमध्ये उत्तरात `Charge counter` अशी ओळ येते. समजा तिथे `3900000` दिसलं. हा आकडा मायक्रोअँपिअर-तासात असतो, म्हणजे ३९०० एमएएच. खोक्यावर ५००० एमएएच लिहिलं असेल तर बॅटरी ७८ टक्क्यांवर आली. हा फोनचा स्वतःचा अंदाज असतो, त्यामुळे दोन-चार टक्के इकडेतिकडे धरा.

कॉम्प्युटर नसेल तर लक्षणं पुरेशी आहेत. सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे १५-२० टक्के दिसत असताना कॅमेरा उघडला आणि फोन धाडकन बंद झाला, पण चार्जरला लावताच पुन्हा १८ टक्के दाखवायला लागला. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. बॅटरीत चार्ज उरलेला असतो, पण तो हवा तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही.

आणि स्क्रीन कडेने उचललेली किंवा मागची बाजू फुगलेली दिसत असेल, तर पुढचं काही वाचू नका. आत वायू साठून बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि ती जाणकाराकडूनच काढून घ्या.

५. तीन वर्षांच्या फोनला नवी बॅटरी घालणं म्हणजे पैसे पाण्यात ना?

हिशेब महिन्यावर आणा. समजा नवा फोन १०० रुपयांना मिळतो आणि तो तुम्ही ६० महिने वापराल. महिन्याचा खर्च साधारण १ रुपया ६७ पैसे. त्याच प्रमाणात बॅटरी बदलायला १० रुपये लागतात आणि फोन आणखी १८ महिने चालतो. महिन्याला ५६ पैसे. म्हणजे जवळपास एक तृतीयांश. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, यात तुमचे खरे आकडे घाला. जुना फोन विकून काही मिळणार असेल तर तेवढी रक्कम नव्या फोनच्या किमतीतून वजा करा.

या हिशेबाला एक अट आहे: ते १८ महिने फोनला सिक्युरिटी अपडेट मिळायला हवेत. अपडेट चारच महिन्यांत संपणार असतील तर भागाकार १८ ने नव्हे, ४ ने करायचा. मग तीच बॅटरी महिन्याला अडीच रुपयांना पडते, म्हणजे नव्या फोनपेक्षा महाग.

६. अपडेट बंद झाले म्हणतात, पण फोन तर मस्त चालतोय. काय फरक पडतो?

आधी कुठले अपडेट ते बघा. अँड्रॉइडची नवी आवृत्ती मिळाली नाही तर फारसं काही बिघडत नाही. अ‍ॅप जुन्या आवृत्त्यांवर वर्षानुवर्षं चालत राहतात. सिक्युरिटी अपडेट थांबणं ही वेगळी गोष्ट आहे. अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या त्रुटींची माहिती दर महिन्याच्या बुलेटिनमधून जाहीर होते. तुमच्या फोनला दुरुस्ती मिळाली नाही, तर ती त्रुटी कुठे आहे हे आता सगळ्यांना ठाऊक असतं आणि तुमच्या फोनमध्ये ती तशीच राहिलेली असते.

सेटिंग्जमध्ये About phone, मग Android version उघडा. तिथे Android security update समोर तारीख असते. ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक. सहा महिने उलटले असतील तर तुमच्या मॉडेलचं आश्वासन संपलं का ते कंपनीच्या साइटवर बघा. त्याच भागात Google Play system update ची वेगळी तारीख दिसते. ती नवी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यातून सिस्टीमचे काही ठरावीक भागच दुरुस्त होतात. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर त्यात येत नाहीत.

दैनंदिन वापरात याचा चटका बसतो तो पैशांच्या अ‍ॅपमध्ये. एखादा फोन विश्वासार्ह आहे का हे अ‍ॅपना गूगलच्या Play Integrity या सेवेला विचारता येतं. अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या आवृत्तीवर तिथला सगळ्यात वरचा शेरा मिळायला गेल्या वर्षभरातलं सिक्युरिटी अपडेट असावं लागतं, असा बदल २०२५ मध्ये झाला. हा शेरा मागायचा की नाही हे प्रत्येक अ‍ॅप स्वतः ठरवतं. म्हणजे अपडेट बंद झाल्यावर लगेच काही अडत नाही. पण वर्षभराने एखादं अ‍ॅप अचानक नकार देऊ शकतं आणि कारण धड सांगतही नाही.

मुदतीत फोनाफोनांत फार फरक आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं. स्वस्त फोनमध्ये ते दोन-तीन वर्षांवरही संपतं. आयफोन सहसा लांब चालतात: २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ मध्ये आलेलं आयओएस १८ मिळालं. म्हणून "तीन वर्षं झाली" या वाक्याचा अर्थ एका फोनसाठी "अर्धं आयुष्यही झालं नाही" असा होतो आणि दुसऱ्यासाठी "मुदत संपली" असा.

माझं मत विचाराल तर खर्चाला न्याय देणारं सगळ्यात भक्कम कारण हेच. ज्या फोनवर बँक आहे तो फोन सिक्युरिटी अपडेट थांबल्यावर वर्षभराच्या आत बदलावा. फक्त गाणी ऐकायला आणि गजर लावायला ठेवलेल्या फोनला घाई नाही.

७. ४ जीबी रॅम पुरत नाही का? सेटिंग्जमधून रॅम वाढवता येते ना?

ती रॅम नसते. "व्हर्च्युअल रॅम" म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा रॅमच्या कामाला लावणं. स्टोरेज रॅमपेक्षा खूपच हळू असतं, त्यामुळे मागे पडलेलं अ‍ॅप जिवंत राहिलं तरी ते पुढे यायला वेळ लागतो. ज्या फोनचं स्टोरेज आधीच भरलेलं आहे त्यात हे चालू करून उलट त्रास वाढतो.

रॅम खरंच कमी पडते का ते दोन मिनिटांत कळतं. ब्राउझरमध्ये एखादा फॉर्म अर्धा भरा. नकाशा उघडा, मग कॅमेऱ्याने दोन फोटो काढा, मग परत ब्राउझरवर या. फॉर्म जसाच्या तसा असेल तर रॅम पुरेशी आहे. पान पहिल्यापासून लोड झालं तर मधल्या वेळेत सिस्टीमने ब्राउझर मारून टाकला होता. असं दिवसातून कैकदा होत असेल तर ती खरी उणीव आहे आणि त्यावर दुरुस्ती नाही. ४ जीबीवरून ८ जीबीवर गेलात तर हा फरक रोज जाणवेल. ८ वरून १२ वर जाण्यासाठी मात्र मी स्वतः पैसे घालणार नाही.

८. तीन वर्षांपूर्वीचा महागडा फोन आहे. आता मध्यम किमतीचा नवा घेतला तरी तो जास्त वेगवान असेल ना?

बहुधा नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. जुना वरच्या श्रेणीतला फोन सोडून मधल्या श्रेणीतला नवा कोरा घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात रात्रीचे फोटो बघून जुना पुन्हा खिशात घातला.

प्रोसेसरच्या नावातला "जेन"पुढचा आकडा पिढी सांगतो, दर्जा नाही. २०२२ च्या अखेरीस आलेला स्नॅपड्रॅगन ८ जेन २ हा पुढच्या वर्षी आलेल्या ७एस जेन २ पेक्षा कितीतरी ताकदवान आहे, विशेषतः ग्राफिक्समध्ये. स्टोरेजचंही तसंच. वरच्या श्रेणीतल्या फोनमध्ये तीन वर्षांपूर्वीच यूएफएस ३.१ किंवा ४.० हे वेगवान स्टोरेज होतं, तर मधल्या श्रेणीत त्याहून हळू असलेलं यूएफएस २.२ अजूनही सर्रास दिसतं. अ‍ॅप उघडताना आणि अपडेट बसवताना हा फरक जाणवतो.

तेव्हा आपल्याच श्रेणीत किंवा वर जात असाल तर पुढे गेलात. श्रेणी उतरत असाल तर नवी बॅटरी आणि लांब अपडेट एवढंच मिळतं. त्यातली बॅटरी तर जुन्या फोनलाही बसते.

९. माझा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे, नवे ५० आणि २०० चे येतात. फोटो चौपट चांगले येतील?

५० मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. २०० चा सोळा-सोळा एकत्र करून तेवढाच. तुम्ही मुद्दाम पूर्ण रिझोल्यूशन निवडलं नाही तर फाइलमधले पिक्सेल जवळपास तुमच्या आताच्या फोटोइतकेच असतात.

बघायचं ते सेन्सरचा आकार. ५० मेगापिक्सेलचेच दोन सेन्सर घ्या, एक १/१.५६ इंचाचा आणि एक १/२.७६ इंचाचा. जाहिरातीत दोन्ही "५० मेगापिक्सेल" असतात, पण पहिल्याचं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या साधारण तिप्पट आहे, म्हणजे प्रकाशही तेवढा जास्त मिळतो. दिव्याच्या उजेडात खेळणाऱ्या मुलाच्या फोटोत हे लगेच दिसतं. दुसरी गोष्ट हाताची थरथर सावरणारं ऑप्टिकल स्थिरीकरण, म्हणजे ओआयएस. ते नसेल आणि तुम्ही संध्याकाळी बरेच फोटो काढत असाल तर ही उणीव पैसे मोजण्याजोगी आहे. दुपारच्या उन्हातल्या फोटोंसाठी मात्र नाही. जोडीला दिलेला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा तर मोजूच नका.

आणि हो, आधी लेन्सची काच मऊ कापडाने पुसून बघा. थट्टा करत नाही. "कॅमेरा धूसर झालाय" म्हणून दाखवायला आणलेल्या फोनवर मी पहिलं काम हेच करतो.

१०. १२० हर्ट्झ स्क्रीन, जलद चार्जिंग, ५जी यांपैकी कशासाठी फोन बदलावा?

१२० हर्ट्झ डोळ्यांना छान वाटतं, पण ते नसल्याने कुठलंही काम अडत नाही. जलद चार्जिंग हवंसं वाटण्याचं कारण बरेचदा थकलेली बॅटरी असतं. ती बदलली की ही ओढ ओसरते. ५जीचं उत्तर तुमच्या ४जीवर अवलंबून आहे: गर्दीच्या जागी ४जी रखडत असेल आणि तिथे ५जी पोचलं असेल तर उपयोग आहे. नवा फोन घेताना तुमच्या नेटवर्कचे बँड त्यात आहेत का ते तपासा, खोक्यावर नुसतं "५जी" लिहिलेलं पुरेसं नाही.

११. फोन पाण्यापासून सुरक्षित होता. तीन वर्षांनी, बॅटरी बदलल्यावरही तो तसाच राहील का?

तसं धरून चालू नका. आयपी६८ ची चाचणी नव्या फोनवर होते. आतले चिकट पट्टे उष्णतेने आणि पडझडीने सैल होतात, आणि फोन उघडला की ते बदलावेच लागतात. नवे पट्टे लावले का ते विचारा. तरीही त्यानंतर फोन पाण्यात नेऊ नका.

१२. स्क्रीनही फुटली आहे आणि बॅटरीही गेली आहे. मग तरी बदलू?

इथे पाचव्या उत्तरातला हिशेब पुन्हा मांडा, फक्त दोन्ही दुरुस्त्यांची बेरीज घेऊन. स्क्रीन हा फोनमधल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन असाच आला होता: बॅटरी ७९ टक्क्यांवर, १२८ पैकी १२१ जीबी भरलेले, स्क्रीनवर उभी हिरवी रेघ, आणि कंपनीच्या यादीप्रमाणे सिक्युरिटी अपडेटचे सात महिने शिल्लक. बॅटरी आणि स्क्रीन मिळून नव्या फोनच्या किमतीच्या ४५ टक्के सांगितले होते. ४५ भागिले ७ म्हणजे महिन्याला साडेसहाच्या जवळ, तर नव्या फोनचे महिन्याला पावणेदोनही होत नाहीत. तिला मी नवा घ्यायला सांगितलं. स्क्रीन धड असती तर फक्त बॅटरी बदलून, व्हिडिओ पुसून सात महिने काढ म्हणालो असतो.

१३. नव्या फोनवर माझं एक जुनं अ‍ॅप बसतच नाही. हे आधी कळलं असतं तर?

अ‍ॅप ३२ बिटचं असेल. पिक्सेल ७ पासून असे अँड्रॉइड फोन आले की ज्यांवर फक्त ६४ बिटची अ‍ॅप चालतात. एखादं जुनं मोजमापाचं यंत्र, श्रवणयंत्र किंवा दुकानातला प्रिंटर जुन्याच अ‍ॅपवर चालत असेल तर जुना फोन विकण्याआधी नव्यावर ते बसवून, यंत्र जोडून बघा. नाहीच बसलं तर जुना फोन सिम काढून त्या एका कामापुरता ठेवा. त्यावर बँकेचं काही ठेवू नका.

१४. अपडेट संपल्यावर स्वतःच दुसरी रॉम टाकली तर?

रॉम म्हणजे इथे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायची दुसऱ्यांनी बनवलेली सिस्टीम. लिनिएजओएससारख्या रॉममुळे जुन्या फोनला सिक्युरिटी दुरुस्त्या मिळत राहतात, पण तुमचं नेमकं मॉडेल त्यांच्या यादीत असेल तरच. ती टाकण्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि सहाव्या उत्तरातल्या Play Integrity च्या तपासणीत असा फोन सहसा अडकतो, त्यामुळे बँकेची काही अ‍ॅप चालणार नाहीत. हौस असेल तर दुसऱ्या, हाताशी पडलेल्या फोनवर जरूर करा.